बोल्ट मारलेला बांबू

आवाज मोठा नव्हता. सुकी शेंग फुटावी तसा एकच ‘तड्’. परांचीच्या दुसऱ्या मजल्यावर उभा असलेला गवंडी क्षणभर जिथल्या तिथे थबकला आणि त्याने हातातली थापी हळूच फळीवर ठेवली. फळी एका बाजूला चार बोटं खाली गेली होती. मी खालून ओरडलो, मुकादम मामांनी त्याला शेजारच्या खणातून उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही, पण माझे पाय लटपटत होते, कारण तो बांबू तसा बांधायची कल्पना माझी होती.

झालं असं होतं, की आठवडाभरात काथ्याच्या गाठी सैल पडायला लागल्या होत्या. मामा रोज सकाळी फिरून त्या आवळायचे. मला हे ओबडधोबड वाटायचं. नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती आणि गणितावर माझा फार विश्वास होता. मी म्हटलं, एका खणात आडव्या बांबूला आणि उभ्याला आरपार भोक पाडू, 12 मिलिमीटरचा बोल्ट घालू, वॉशर लावू, म्हणजे विषय संपला. मामा म्हणाले, “साहेब, बांबूला भोक नको.” कारण विचारलं तर म्हणाले, “तो चिरतो.” एवढंच. मला ते कारण वाटलंच नाही.

गणित मी केलं होतं, आणि गंमत म्हणजे ते चुकलेलं नव्हतं. आडवा बांबू बाहेरून 80 मिलिमीटर जाडीचा, भिंत 8 मिलिमीटरची, दोन उभ्यांमधलं अंतर 1.8 मीटर. माणूस आणि भरलेलं घमेलं मिळून मध्यावर 100 किलो धरले. वाकताना बांबूच्या वरच्या-खालच्या कडेला चौरस मिलिमीटरला साधारण 15 न्यूटन ताण येतो. चांगला वाळलेला बांबू 50 च्या पुढे सहज जातो. मध्यावरचा बाक जेमतेम 7 मिलिमीटर. एवढा पोकळ दांडा एवढं कसं पेलतो, तर पोकळ आहे म्हणूनच. तेवढंच द्रव्य भरीव दांड्यात घातलं तर तो 48 मिलिमीटरचा होईल आणि त्याचा ताठपणा साडेचार पटींनी कमी भरेल. त्यात बांबूचे चिवट धागे सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेलाच येतो, म्हणजे जिथे गरज तिथेच माल.

पण हे सगळे धागे एकाच दिशेला जातात, बुडापासून शेंड्याकडे. लाकडात थोड्या पेशी आडव्याही असतात, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या. बांबूच्या कांड्यात तसं काही नाही. शेजारच्या धाग्यांना धरून ठेवतो तो मधला मऊ भुसभुशीत भाग. लांबीच्या दिशेला ओढलं तर बांबू चौरस मिलिमीटरला 100 न्यूटनच्या पुढे टिकतो. आडवं ओढलं तर दोन-तीन न्यूटनलाच सोडतो. टोपल्या विणणारा कोयत्याच्या एका ठोक्यात आख्खा बांबू उभा फाडतो, तो याच कमजोरीवर. माझ्या गणितात ही दिशाच नव्हती.

उतरवलेला बांबू आम्ही जमिनीवर ठेवला. बोल्टच्या भोकातून निघालेली चीर एका बाजूला टोकापर्यंत गेली होती, दुसऱ्या बाजूला दोन पेरं ओलांडून तिसऱ्याशी थांबली होती. आणि ती बरोबर बांबूच्या मध्यउंचीवरून गेली होती, जणू कुणी रेघ आखून दिली असावी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन फळ्या एकीवर एक ठेवून वाकवल्या तर टोकाशी त्या एकमेकींवरून सरकतात. चिकटवलेल्या असतील तर ती सरक त्या सांध्याला सोसावी लागते. बांबूच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्यातही हीच ओढाताण चालते आणि ती मध्यउंचीवर सर्वांत जास्त असते. मी भोक पाडलं ते नेमकं तिथेच.

त्याहून वाईट म्हणजे आधार. दोरी बांबूला खालून कवळते, सगळा बांबू तिच्यात बसलेला असतो आणि ती त्याला चहूबाजूंनी आवळते. बोल्ट मात्र भोकाच्या वरच्या कडेला टेकतो, म्हणजे फक्त वरच्या अर्ध्याला उचलून धरतो. खालचा अर्धा वरच्याला चिकटून राहायच्या बळावर लटकतो, आणि चिकटून राहणं हीच बांबूची कच्ची बाजू. उभ्या बांबूचंही सुखाचं नव्हतं. तिथे बोल्ट धाग्यांच्या दिशेने खाली दाबत होता, पाचरीसारखा. चार सांधे उघडले, त्यांतल्या दोन उभ्यांत भोकाखाली केसाएवढी चीर दिसली. मोबाइलचा दिवा तिरका धरल्यावरच दिसली, एरवी नाही.

रात्री मी पुन्हा आकडे मांडले. दोन्ही बाजूंनी मध्यउंचीवर पूर्ण लांबीची चीर गेली आणि दोन अर्धे सुटे सरकायला लागले, तर ताठपणा मूळच्या जेमतेम एक पंचमांश उरतो. सात मिलिमीटरचा बाक साडेतीन सेंटिमीटरवर जातो. द्रव्य तेवढंच, धागे एकही तुटलेले नाहीत. आमचा बांबू अर्धवटच चिरला होता, शिवाय टोक बोल्टवर लोंबकळत होतं, त्यामुळे फळी खाली गेली.

एका बाजूलाच चीर असेल तर लगेच काही होत नाही, कारण दुसरी भिंत दोन्ही अर्ध्यांना जोडून ठेवते. पण मग सगळी ओढाताण तिच्यावर येते आणि बांबू पिळायलाही लागतो. म्हणून वाळताना पडलेली बारीक चीर असलेला बांबू मामा फिरवून ती वर किंवा खाली आणायचे, कुशीला कधीच येऊ द्यायचे नाहीत. वरच्या-खालच्या कडेला ती सरक शून्यावर येते, हे मला वहीत कळलं, त्यांना हाताला. मोठी चीर असेल तर मात्र ते बांबू सरळ बाजूला काढायचे.

पेराचं काम वेगळं. तिथे आत आडवा पडदा असतो आणि काही धागे वळून आडवे जातात, म्हणून चीर तिथे अडखळते. अडखळते म्हणजे थांबतेच असं नाही. आमची दोन पेरांतून गेलीच. तरी आडव्याचं टोक गाठीच्या पुढे निदान एक पेर ठेवून कापायचं आणि गाठ पेराच्या लगत मारायची, हे त्या दिवसापासून मी तपासायला लागलो. कांड्याच्या मधोमध बांधलं तर जोर पडल्यावर नळी तिथे चपटी होऊ पाहते आणि चपटी झाली की कुशीला चिरते.

राहिला प्रश्न सैल गाठींचा, जिथून हे सगळं सुरू झालं. आलेला माल ओला होता. वाळताना बांबू बारीक होतो. एका बांबूवर खूण करून मी कॅलिपर लावला, तर तीन आठवड्यांत दीडएक मिलिमीटर कमी भरला. दोरी सैल झाली नव्हती, बांबू तिच्यातून आत सरकला होता. मामांनी प्रत्येक गाठीत दोरीखाली लाकडाची लहान खुंटी ठोकली, सैल वाटली की आणखी थोडी आत. बोल्ट मारलेले आठही बांबू उतरवले. चिरलेल्याचे मामांनी कोयत्याने तुकडे पाडले आणि त्यांच्याच खुंट्या केल्या.