कथेतल्या मावशी

जुलै-ऑगस्टात माझ्याकडे कथांची पाकिटं येतात. सांगलीतल्या एका लहानशा दिवाळी अंकासाठी पहिलं वाचन करायचं काम माझ्याकडे आहे. मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती मिळतात आणि लेखक मंडळींचा राग मिळतो तो वेगळा. या कथा वाचताना एक गोष्ट हटकून भेटते. कथा घटस्फोटाची असो, परदेशी गेलेल्या मुलाची असो किंवा एकाकी म्हातारपणाची, मोरीत कुणीतरी भांडी घासत असतं. त्याच कामाच्या मावशी.

या मावशी मला आता पाठ झाल्या आहेत. नवरा दारू पितो. मुलगी हुशार आहे. त्या कधीतरी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी येतात, ताई विचारतात, त्या डोळ्याला पदर लावतात. ताई आगाऊ पैसे देतात. शेवटी मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास होते, मावशी पेढे घेऊन येतात आणि ताईंच्या पायाशी वाकतात. ताईंचे डोळे भरून येतात. म्हणजे कथेत दोनदा रडणं होतं, त्यातलं महत्त्वाचं रडणं ताईंचं.

यातलं काही खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. नवरे पितात, मुली पास होतात. या वर्षी विश्रामबागेतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची अशीच कथा आली. प्रामाणिक आणि नेटकी लिहिलेली होती, म्हणून ती बाजूला न टाकता पेन्सिल घेऊन बसले. मावशी जिथे जिथे दिसतात तिथे समासात फुली केली. सगळ्या फुल्या स्वयंपाकघर, मोरी आणि दार एवढ्यातच पडल्या. मावशी दारातून आत येतात तेव्हा जन्मतात आणि चपला घालतात तेव्हा संपतात. ताईंनी पाहिलं नाही असं एकही वाक्य त्यांच्या वाट्याला नाही.

आता खरा दिवस पाहा. आमच्या इमारतीत येणाऱ्या मावशींना पाच घरं आहेत. धुण्याचे पैसे वेगळे, भांड्यांचे वेगळे, केरफरशीचे वेगळे. पाहुणे आले की भांडी वाढतात, पैसे वाढत नाहीत. कोणत्या घरात आधी जायचं हे पाणी किती वाजेपर्यंत असतं आणि कोणती बाई डब्यासाठी खोळंबते यावर ठरतं. बचत गटाचा हप्ता ठरल्या तारखेला जातो, भिशीचा नंबर कुणाला लागणार यावर पुढची तीन कामं अवलंबून असतात. हे सगळं डोक्यात चालू असताना त्या माझ्या पातेल्याचा करपलेला तळ घासत असतात. मध्यमवर्गीय लेखक अशा बाईला दुःख देतो, माया देतो, इमानही देतो. हिशेब मात्र देत नाही. तिला मन आहे हे आपण मोठेपणानं कबूल करतो, पण डोकं आहे हे कथेत कुठेच येत नाही.

त्याहून अवघड भाग म्हणजे तिचं आपल्याबद्दलचं मत. एकदा जिन्यात दोघी बोलत होत्या ते कानावर पडलं.

"तिसऱ्या मजल्यावरची कशी हाय गं?"

"बोलाय ग्वाड. पर चमचं मोजती."

एवढ्या दोन शब्दांत तिसऱ्या मजल्याचं अख्खं व्यक्तिचित्र झालं. (मी दुसऱ्या मजल्यावर राहते. पुढे काय बोलल्या ते ऐकायला थांबले नाही.) आपल्याबद्दल असं मत असलेली बाई मी वाचलेल्या त्या कथांमध्ये जवळजवळ भेटतच नाही. ती सापडली की समजावं, लेखकानं पात्राला खरंच आत जागा दिली आहे.

भाषेचीही एक गंमत आहे. बँक अधिकाऱ्यांच्या कथेत मावशी "व्हय ताई, न्हाय ताई" बोलतात आणि ताई एकदम सदाशिव पेठेतून उतरल्यासारख्या बोलतात. कथा घडते सांगलीत. इथे चांगल्या शिकलेल्या घरातल्या बायकासुद्धा "मी येतो, मी जातो" म्हणतात आणि भाजीवाल्याशी भांडताना तर आमच्या सगळ्यांचंच शुद्ध मराठी पाटात वाहून जातं. मग बोली एकटीच्याच वाट्याला का? कारण तिथे बोली हा तिच्या बोलण्याचा आवाज राहत नाही, तिची पायरी दाखवायची खूण होते.

ही खोड जुनी आहे आणि आमच्याच मातीत तिची एक झकास वंशावळ आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं १९१६ सालचं 'संशयकल्लोळ' घ्या. पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं आहेत. धनी फाल्गुनराव, तरुण नायक अश्विनशेठ आणि गडी भादव्या. नाटक मोलिएरपासून इंग्रजीमार्गे आलेलं, तेव्हा बातम्या इकडून तिकडे नेणारा नोकर त्या साच्यातच होता. भादव्यावर मी आजही हसते, आणि प्रहसनात फाल्गुनरावांना तरी कुठे फारसं अंतरंग आहे? तिथे सगळेच साचे असतात, त्यामुळे तक्रार नाही. गडबड तेव्हा होते जेव्हा गंभीर कथेत ताईंना स्वभाव मिळतो आणि मावशी मात्र भादव्याच राहतात, फक्त हसवायच्या ऐवजी रडवतात.

ऊसतोडीच्या कथांत हे आणखी ठळक दिसतं. वाळवा, पलूसकडच्या रस्त्यानं हिवाळ्यात गेलं की टोळ्यांची खोपटी आणि संध्याकाळच्या चुली दिसतात. लेखक मोटारीतून ते पाहतो आणि परिच्छेद लिहितो. धूर, थंडी, उघडी पोरं, आणि पुढे एक शब्द ठरलेला, 'सोशिक'. हा सोशिकपणा त्यांच्या स्वभावात नसतो, तो त्यांच्या उचलीत असतो. हंगामाआधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पुढे जेवढे टन तोडतील त्यातून ती उचल फिटत जाते. एक दिवस काम बुडलं की खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. हंगाम संपला तरी बाकी राहिली तर ती पुढच्या वर्षाच्या मानगुटीवर बसते. हे माहीत असलं की ताप अंगात घेऊन उसात उतरणारी बाई सोशिक वाटत नाही. ती खाड्याची रक्कम मोजत असते. हे माहीत नसलं की लेखकाला तिच्या डोळ्यांत अथांग काहीतरी दिसायला लागतं.

याच टोळीत वाढ्यांचा व्यवहार असतो. उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढं, गावातल्या दुभत्या जनावरांसाठी ते विकत घ्यायला लोक येतात. हातात रोख पडणारा पैसा तेवढाच. त्या पेंढ्यांच्या भावावरून जी हुज्जत चालते, ती मी कोणत्याच कथेत वाचलेली नाही. त्या हुज्जतीत बाई चिडते, चेष्टा करते, खोटं बोलते, शेजारणीला डोळा मारते. 'सोशिक' या शब्दात यातलं काही मावत नाही. आणि हे मजूर सगळे बीडचेच असतात असंही नाही, आमच्याच जिल्ह्याच्या जत भागातलेही असतात. म्हणजे परिच्छेद लिहिणारा आणि परिच्छेदात असणारा, दोघांचा जिल्हा एक.

वाळव्याच्या त्या रस्त्यापासून वाटेगाव फार लांब नाही. अण्णा भाऊ साठे १९२० साली तिथे जन्मले. मुंबईत पडेल ते काम करून लिहिते झाले. त्यांची 'स्मशानातील सोनं' मी या कामासाठी मोजपट्टी म्हणून वापरते. वारणेकाठचा भीमा मुंबईच्या उपनगरात खाणीवर पत्थर फोडतो. खाण बंद पडते. हिंडताना त्याला मसणातल्या राखेत सोनं सापडतं आणि तिथून तो राख चाळायला लागतो, पुढे पुरलेली मढी उकरायला लागतो. असा माणूस आमच्या अंकात आला असता तर दुसऱ्या पानावर पश्चात्तापानं भाजून निघाला असता. भीमा तसा भाजत नाही, कारण तो विचार करतो. कुणाच्या राखेत काय असेल, कोणतं मढं उकरण्याजोगं, हे त्याचं स्वतःचं शास्त्र आहे. भिणाऱ्या बायकोला तो उत्तर देतो. रात्री कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. शेवटी मढ्याच्या तोंडातलं सोनं काढताना बोटं जबड्यात अडकतात आणि दोन बोटं कापावी लागतात. त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते आणि हा पहाडासारखा गडी पोरासारखा रडतो.

तो का रडतो हे पाहिलं पाहिजे. पापाची टोचणी वगैरे तिथे गौण आहे. पत्थर फोडायची बोटं गेली आणि ती हवी होती त्याच दिवशी गेली. बोटं हे त्याचं भांडवल होतं. दुःख थेट कामातून येतं, आणि ते समजायला वाचकाला आधी ते काम समजावं लागतं. तेवढं काम लेखकानं दाखवून ठेवलेलं असतं.

यावरून कुणी म्हणेल, भोगलेल्यानंच लिहावं. तसं मला वाटत नाही. अण्णा भाऊंचेही काही नायक इतके बलदंड आणि निर्मळ होतात की मला त्यांच्यापेक्षा भीमा जवळचा वाटतो. दुसरीकडे आटपाडीजवळच्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर ब्राह्मण घरातले. १९४९ सालच्या 'माणदेशी माणसं'मध्ये धर्मा रामोशी आहे, रस्त्यावर काम करणारा रामा मैलकुली आहे, आणि तिथेच नामा मास्तर आणि रघू कारकूनही आहेत. ते या माणसांच्या मनात शिरल्याचा आव फारसा आणत नाहीत. बाहेरूनच बघतात. पण या माणसांना लेखकाशी बोलण्याखेरीज दुसरे उद्योग आहेत, हे पानापानावर कळतं. मन माहीत नसलं तरी चालतं, उद्योग माहीत असावे लागतात.

एवढं सगळं मी बँक अधिकाऱ्यांना फोनवर सांगितलं. ते सज्जन गृहस्थ, रागावले नाहीत. "मग आमच्या मावशींनाच कथा वाचून दाखवू का?" म्हणाले. म्हटलं, दाखवा.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. मावशींनी खाली बसून, पाय पसरून, सगळी कथा ऐकली होती. झाल्यावर म्हणाल्या, "लिवलंय ब्येस. पर माझ्या मालकाला दारुडा करू नगा साहेब, त्यो तंबाकूबी खात न्हाय. आन पाया कवा पडलो मी?"

तेव्हा दारू काढली आणि नमस्कारही काढला. आता कथा भलतीच अडली आहे. नवरा पीत नसेल तर मावशी आगाऊ पैसे मागतात कशाला? अधिकाऱ्यांनी तेही विचारलं. गटातल्या एकीनं हप्ता थकवला होता, तो बाकीच्यांनी मिळून भरायचा होता. यांच्या वाट्याला आलेली रक्कम तीन घरांतून थोडी थोडी उचलली, म्हणजे कुणालाच जड जाऊ नये. कोणत्या घरी काय कारण सांगायचं हेही ठरवलं होतं. अधिकाऱ्यांकडे मुलीची फी सांगितली, कारण ते शिक्षणाला नाही म्हणत नाहीत.

"मॅडम, मी तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले," ते फोनवर म्हणाले, "आणि हे माझ्या लक्षात आलं नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, अंक छपाईला जायला अजून किती दिवस आहेत, कारण कथा आता ताईंकडून सुरू करता येणार नाही, गटाच्या बैठकीपासून सुरू करावी लागेल.