सासूबाईंच्या औषधांचा वर्षाचा हिशेब

"ताई, सासूबाईंची रोजची औषधं, दर थोड्या दिवसांनी तपासण्या, त्यात दोन मुलांची शिक्षणं. मुलांसाठी साठवलेल्या पैशाला हात न लावता हे सगळं कसं बसवता हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून घरचे आकडेच सांगते, म्हणजे ताडून बघता येईल.

मुलांच्या पैशाला हात लागतो तो गोळ्यांमुळे क्वचितच. गोळ्यांचा खर्च दर महिन्याला असतो, तो अंगवळणी पडतो. घात करतो तो एखादाच महिना. त्या महिन्यात गोळ्या असतात, डॉक्टरांची फी असते, रक्त-लघवीच्या तपासण्या असतात, डोळ्यांची तपासणी असते आणि नेमकी शाळेची फीसुद्धा असते. मग कुणीतरी म्हणतं, "या महिन्यापुरती मुलांची एसआयपी थांबवूया." ती पुन्हा सुरू व्हायला दिवाळी उजाडते. म्हणून मी औषधांचा हिशेब महिन्याचा करत नाही, वर्षाचा करते.

औषधाच्या दुकानातल्या बिलावरून हा आकडा कळत नाही. कुठली पट्टी १० गोळ्यांची, कुठली १४ ची, कुठली १५ ची. त्यामुळे एका महिन्याचं बिल आठशे, पुढच्याचं दोन हजार. पट्टीची किंमत भागिले पट्टीतल्या गोळ्या, गुणिले रोजच्या गोळ्या, असं प्रत्येक औषधाचं काढायचं. ही बेरीज म्हणजे दिवसाचा खर्च. तो ३६५ ने गुणला की खरा आकडा समोर येतो.

आई ७१ वर्षांच्या आहेत. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड. रोज मेटफॉर्मिन दोनदा, एम्पाग्लिफ्लोझिन, टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन आणि सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. हे सगळं पहिल्यांदा मांडलं तेव्हा दिवसाला ८४ रुपये निघाले, म्हणजे वर्षाला ३०,६६०. त्यातले ५८ रुपये एकट्या एम्पाग्लिफ्लोझिनचे होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात. नवीन औषधावर पेटंट असेपर्यंत ते एकाच कंपनीचं असतं, किंमतही तीच ठरवते. पेटंट संपलं की इतर कंपन्या तेच औषध बनवायला लागतात आणि भाव कोसळतो. एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. मधुमेहाच्याच दुसऱ्या एका गोळीचं, सिटाग्लिप्टिनचं, त्याआधी २०२२ मध्ये. पण जुन्या चिठ्ठीवर जुन्याच ब्रँडचं नाव राहतं, दुकानदार तेच देतो आणि आपण तेच पैसे मोजत राहतो. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "हेच औषध आता दुसऱ्या कंपनीचं स्वस्तात मिळतं का?" त्यांनी लगेच चिठ्ठी बदलून दिली. ५८ ची गोळी १० रुपयांवर आली. वर्षाचा आकडा एका प्रश्नाने १३,१४० झाला. तुमच्याकडच्या यादीत एखादीच गोळी निम्म्याहून जास्त पैसे खात असेल, तर आधी तिच्याबद्दल विचारा. बाकीच्यांवर डोकं नंतर खपवा.

पुढचा टप्पा जनऔषधी केंद्राचा. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि रोसुव्हास्टॅटिन ही तिन्ही तिथे मिळतात. या तिघांचे दिवसाचे २४ रुपये लागत, ते ६ वर आले. आता आमचा दिवसाचा खर्च १८ रुपये आहे, वर्षाला ६,५७०.

जनऔषधीत जाताना चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवेत. नावापुढची छोटी अक्षरंही बघायची. 'एसआर' लिहिलेली मेटफॉर्मिन पोटात हळूहळू विरघळते, साधी पटकन. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. टेल्मिसार्टनच्या मागे 'एच' असेल तर त्यात लघवी वाढवणारं दुसरं औषधही असतं. आमच्या केंद्रातल्या ताई पट्टी काउंटरवर ठेवतात आणि चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणतात, "वाचून घ्या वहिनी, जुळतंय ना?" घाई असली तरी मी वाचते. कधी माल संपलेला असतो, म्हणून मिळेल तेव्हा दोन महिन्यांचा घेते. बदल केल्यावर पहिले काही दिवस घरी रक्तदाब आणि साखर मोजून वहीत लिहिली आणि ती वही डॉक्टरांना दाखवली.

थायरॉइडची गोळी मात्र मी बदलली नाही. तिचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. कंपनी बदलली तर थोडाफार फरक पडू शकतो, मग सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावं लागतं. दोन रुपयांच्या गोळीत पन्नास पैसे वाचवायचे आणि तपासणीला तीनशे घालवायचे, यात काही अर्थ नाही.

तपासण्यांचं मी डॉक्टरांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घेते. आईंची साखर आता स्थिर आहे, म्हणून एचबीएवनसी वर्षातून दोनदा. साखर वरखाली होत असेल, तर दर तीन महिन्यांनी करावी लागते. टीएसएच दोनदा. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा. डॉक्टरांची फी चार वेळा. आमच्या गावातल्या दराने हे सगळं ६,५०० च्या आसपास जातं. साखर मोजायच्या पट्ट्यांचे २,००० धरते. 'फुल बॉडी चेकअप'ची पॅकेजं स्वस्त वाटतात, पण त्यांच्या लांबलचक यादीत लघवीतलं अल्ब्युमिन कित्येकदा नसतंच, आणि डोळ्यांचा पडदा तर रक्ताच्या तपासणीत दिसणारच नाही. मधुमेहात मूत्रपिंड आणि डोळे गुपचूप बिघडतात. हे दोन खर्च मी कधीही कापणार नाही.

बेरीज १५,०७०. वर भाववाढ आणि एखादी नवी गोळी यांसाठी ५,००० धरून आमचा वर्षाचा आकडा २०,००० ठरला आहे. महिन्याला साधारण १,७००.

आता पैसे कुठून येतात ते. सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पैशातले ६ लाख आईंच्या नावाने पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत. दर ८.२ टक्के, आणि ठेव ठेवली त्या दिवशीचा दर पाच वर्षं बदलत नाही. तिमाहीला १२,३०० रुपये एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला आईंच्या खात्यावर जमा होतात. म्हणून आम्ही तपासण्या आणि डॉक्टरांच्या भेटी याच चार महिन्यांत लावून घेतल्या. डॉक्टरांना तारखेचं काही नव्हतं, आठवडाभर पुढेमागे चालतं म्हणाले. जूनमध्ये शाळेची फी आणि जुलैमध्ये आईंच्या तपासण्या, असे दोन खर्च आता वेगळे झाले. वर्षाचे ४९,२०० येतात. २०,००० यात जातात, उरलेले आईंच्याच नावाने बाजूला पडतात आणि त्याला आम्ही दवाखान्याची ठेव म्हणतो.

ज्यांच्या आईवडिलांकडे अशी ठेव नाही, त्यांनी १,७०० ची रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात आपोआप वळती करावी, आणि भावंडं असतील तर आकडा त्यांच्यासमोर ठेवावा. माझे दीर पुण्यात असतात. "आईंच्या औषधाला बराच खर्च होतो" असं म्हटल्यावर ते नुसते हं म्हणायचे. वर्षाचा कागद पाठवला तेव्हा त्यांनी स्वतःहून डॉक्टरांची फी आणि तपासण्या उचलल्या. त्यामुळे दवाखान्याची ठेव जरा लवकर वाढते.

मोठ्या आजारपणाचा खर्च या २०,००० मध्ये धरलेला नाही. आईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं आहे. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत मिळतात. पण ते दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. बरेच जण कार्ड काढून निर्धास्त होतात आणि औषधांचा हिशेब करायचा राहूनच जातो. आपल्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे आणि तिथे कोणते उपचार होतात, हे धावपळीची वेळ येण्याआधी जाऊन विचारून या.

बिलं मी यूपीआयने भरते. जुन्या करपद्धतीत असाल आणि आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारावरच्या ५०,००० पर्यंतच्या खर्चाची वजावट मिळते, पण ते पैसे रोख दिलेले चालत नाहीत. नव्या पद्धतीत ही सवलत नाही.

हिशेबाचा एक उपयोग मला नंतर कळला. पट्टी कधी संपायला हवी ते मला माहीत असतं. गेल्या उन्हाळ्यात रोसुव्हास्टॅटिन संपायच्या दिवशी डब्यात सहा गोळ्या उरल्या होत्या. मी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, नातीच्या क्लासची फी भरायची होती ना, मी म्हटलं एक दिवसाआड घेतली तर काय बिघडतंय." मी त्यांना शेजारी बसवून कागद दाखवला. गोळ्यांचे पैसे त्यांच्याच व्याजातून येतात, मुलीची फी आमच्या पगारातून, आणि तिचं पुढचं शिक्षण सुकन्या समृद्धीतून. त्या खात्यातून ती दहावी पास होईपर्यंत किंवा १८ वर्षांची होईपर्यंत आम्हालाही शिक्षणासाठी पैसे काढता येत नाहीत. एकाचे पैसे दुसऱ्याला लागतच नाहीत, हे त्यांना पटलं. तुमच्या घरीही गोळ्या ठरल्या दिवसापेक्षा जास्त पुरायला लागल्या, तर आनंद मानू नका, विचारा.

उद्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, तर हा २०,००० चा आकडा पुरणार नाही. पहिली भर व्याजातल्या उरलेल्या २९,००० मधून पडेल. तेही कमी पडलं, तर दवाखान्याची ठेव. त्याहून मोठी वेळ आली, तर पोस्टातली ठेव मोडायची, दोन वर्षांनंतर मोडली तर मुद्दलातून एक टक्का कापतात. हा क्रम आईंनी, दिरांनी आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवला आहे आणि औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. मुलांची खाती त्या यादीत नाहीत.