तीन खोकी आणि सोळा चिठ्ठ्या

“मॅडम, सातवीची पोरं आपल्यापेक्षा जास्त मोबाईल वापरतात. त्यांना खोटा मेसेज ओळखायला तुम्ही नेमकं शिकवता तरी कसं?”

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी कुणीतरी हे विचारतंच. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मी चुकीचंच शिकवलं होतं. वीस मेसेज चिठ्ठ्यांवर लिहून नेले, सगळे खोटे. मोफत लॅपटॉप, लॉटरी, अमुक पाल्याचा रस पिऊन साखर गेली, असले. दोन तासिकांत मुलं पटापट “खोटं, खोटं” म्हणायला लागली आणि मी खूश होऊन घरी गेले. दोन दिवसांनी वर्गातली एक मुलगी पाण्याची घागर न भरताच शाळेत आली. “उद्या पहाटे पाणी येणार” हा मेसेज तिनं आईला “खोटाय” म्हणून सांगितला होता. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं. एक पाळी चुकली की घरात काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको. मुलं ओळखायला शिकलीच नव्हती, फक्त नाही म्हणायला शिकली होती.

तेव्हापासून चिठ्ठ्या सोळाच, आणि त्यातल्या निम्म्या खऱ्या. खऱ्या म्हणजे शाळेची सूचना, पाण्याची वेळ, गड्ड्याच्या यात्रेत कुठला रस्ता बंद आहे, असल्या. पाच-सहा मुलांच्या गटाला एक संच आणि बुटांची तीन रिकामी खोकी. खोक्यांवर मी “खरं” आणि “खोटं” लिहीत नाही, कारण बारा वर्षांच्या मुलाला मेसेज वाचून ते कळणारच नसतं. आपल्याला तरी कुठं कळतं? त्याला नक्की सांगता येतं ते एवढंच, की हा मेसेज माझ्याकडून काय करून घ्यायला बघतोय. म्हणून पहिलं खोकं “पैसे, पिन, ओटीपी मागतो किंवा लिंक दाबायला सांगतो”, दुसरं “पुढे पाठव म्हणतो”, तिसरं “नुसतं कळवतो”.

पहिल्या खोक्याचा नियम एकच. मेसेज खरा असो वा खोटा, घरातलं मोठं माणूस शेजारी बसल्याशिवाय हात लावायचा नाही. लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून आलेली, नावाच्या शेवटी .apk असलेली फाईलही याच खोक्यात. ती पत्रिका नसते, फोनमध्ये बसणारं ॲप असतं. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य मी मुलांना घरी म्हणून दाखवायला सांगते. लिंकसाठी फळ्यावर ही एक ओळ लिहिते:

```
https://scholarships.gov.in.free-laptop.example/form
```

यात सरकारी नाव दिसतं, म्हणून निम्मा वर्ग फसतो. मग सांगते की सुरुवातीच्या https:// वर बोट ठेवून झाका, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते वाचा. तिथं free-laptop.example आहे. म्हणजे हे घर त्याचं, सरकारी पाटी नुसती पुढे लावलेली. (शेवटचा example मी मुद्दाम घातलाय, कुणी घरी जाऊन दाबून बघितलंच तर काही उघडू नये म्हणून.)

खरा वेळ जातो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या खोक्यावर. यातली प्रत्येक चिठ्ठी उलटी करून मागे एक नाव लिहायचं: हे खरं का, ते कुणाला विचारणार? “गूगल” लिहिलं तर मी परत देते. पाण्याच्या चिठ्ठीमागं एका पोरानं “चावीवाले काका” लिहिलं होतं. आमच्या गल्लीतला व्हॉल्व्ह तेच फिरवतात, म्हणाला. महापालिकेपेक्षा बरं उत्तर. मेसेज गेल्या आठवड्यातलाही असू शकतो, हेसुद्धा काकांनाच विचारलं की कळतं. ज्या चिठ्ठीमागं नाव सुचतच नाही, ती पुढे जात नाही, खोक्यातच राहते.

अशी राहणारी चिठ्ठी प्रत्येक गटात एक तरी असते. मजकूर असा: “सावधान! आपल्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय. व्हिडिओ बघा. सर्व ग्रुपवर पाठवा.” गटाला विचारते, भाग कुठला? लिहिलेलं नाही. तारीख? नाही. कुठल्या पोलीस ठाण्यात तक्रार झाली? तेही नाही. असला मेसेज सोलापुरातही चालतो, नाशकातही, आणि पुढच्या वर्षीही. एखादा म्हणतो, “पण मॅडम, व्हिडिओ आहे ना!” तेव्हा मी 2018 सालची गोष्ट सांगते. त्या वर्षी फोनाफोनी फिरलेल्या एका व्हिडिओत मोटरसायकलवरचे दोघं गल्लीतलं मूल उचलून नेतात. तो कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ व्हिडिओत ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. व्हिडिओ खोटा नव्हता, सोबतचा मजकूर खोटा होता.

त्याच अफवांच्या दिवसांत, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, आणि त्यांतले बरेचसे आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले. वर्गात कुणाचा तरी मामा मंगळवेढ्याचा असतोच. फोटो किंवा व्हिडिओ मी दाखवत नाही, नुसतं सांगते. मग कुणीही न सांगता मुलं ती चिठ्ठी हातात घेऊन परत वाचतात.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मेसेजवर “फॉरवर्डेड” असं येऊ लागलं, पुढे फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण. मुलांना हे बाण फार आवडतात, म्हणून इथं जरा थांबावं लागतं. बाण फक्त एवढंच सांगतात की मेसेज बऱ्याच हातांतून आलाय. खरा मेसेजही खूप फिरतो. आणि मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की बाण जातात. त्यामुळं बाण नाहीत म्हणजे काकूंनी स्वतः लिहिलंय, असं धरायचं नाही.

या सगळ्याचा जिथं जोर चालत नाही ती जागा घरातली. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी फोन एकच, आणि तो आजोबांचा. कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये आलेला मेसेज वाचून दाखवतं. आजोबांना “हे खोटंय” म्हटलं की पोराच्या पाठीत धपाटा. त्यामुळं आम्ही वाक्य बदललं: “आजोबा, हे कुणाला विचारू या?” चिठ्ठीमागचाच प्रश्न, जरा आदरानं. कधी चालतं, कधी नाही. पालकसभेत मी उलट बाजूनं एकच मागते: चुकून लिंक दाबली असं पोरानं सांगितलं तर त्याच दिवशी फोन काढून घेऊ नका. काढून घेतलात तर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनला फोन करायची घाई तासांची नाही, मिनिटांची असते.

तुम्हाला संच हवा असेल तर माझा घेऊन जा, झेरॉक्स काढा. फक्त पाण्याची आणि यात्रेची चिठ्ठी तुमच्या गल्लीप्रमाणं नवीन लिहा. माझ्या संचातली पाण्याची तारीख कधीच उलटून गेलीय.