३० मिमीची पट्टी १० मिमीवर आणताना: रोलची फट, भार आणि पसरण

रोलमधली फट २४ मिमी बांधली, म्हणून पट्टी २४ मिमीची निघत नाही. धातू रोलमध्ये शिरला की तो रोलना एकमेकांपासून दूर ढकलतो. रोलची टोकं धरणारे चॉक, फट ठरवणारे स्क्रू आणि स्टँडचे खांब सगळेच थोडे ताणले जातात आणि फट उघडते. ती किती उघडणार हे आधी ओळखून तेवढी फट कमी बांधायची, हेच या कामाचं मर्म. मी हिशोब कसा करतो ते एका उदाहरणावरून सांगतो.

मिल दोन रोलची, उलटसुलट चालणारी. रोलचा व्यास ४०० मिमी. माल म्हणजे मऊ पोलादाची ३० मिमी जाड, १०० मिमी रुंद पट्टी. पहिल्या पासला तिचं तापमान १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास. ती १० मिमीवर आणायची आहे. मी पाच पास, म्हणजे रोलमधून पाच फेऱ्या, धरतो: ३० वरून २४, मग १९, १५, १२ आणि १०.

फट बांधण्याआधी शून्य ठरवावं लागतं. रोल नुसते टेकवून शून्य धरलं तर ते फसवं ठरतं, कारण चॉकमधली ढिलाई आणि तेलाचे थर अजून दबलेले नसतात. म्हणून रोल हळू फिरवत, माल न घालता, स्क्रू खाली घेऊन भार मोजणाऱ्या लोडसेलवर १०० किलोन्यूटन दिसेपर्यंत रोल एकमेकांवर दाबतो आणि तिथे शून्य लिहितो. तसंच आणखी दाबत जाऊन प्रत्येक टप्प्यावर स्क्रू किती सरकला ते मांडलं, की मिलचा ताठपणा कळतो. या मिलचा ताठपणा दर मिलिमीटरला ६०० किलोन्यूटन धरू. म्हणजे १०० च्या वर दर ६०० किलोन्यूटन भाराला फट १ मिमीने उघडते.

आता पहिल्या पासचा भार. दाब, म्हणजे एका पासात कमी होणारी जाडी, इथे ६ मिमी, म्हणजे २० टक्के. रोल आणि पट्टी एकमेकांना जिथे भिडतात त्या कमानीची लांबी म्हणजे रोलची त्रिज्या गुणिले दाब, याचं वर्गमूळ: २०० गुणिले ६ चं वर्गमूळ साधारण ३४.६ मिमी. रुंदी सरासरी १०१ मिमी धरली तर संपर्काचं क्षेत्र ३५०० चौरस मिमीच्या जवळ येतं. या तापमानाला पोलादाचा विरोध मी दर चौरस मिमीला ११० न्यूटन धरतो. पट्टीला बाजूने पसरायला फारसा वाव नसतो, म्हणून त्याला १.१५ ने गुणायचं; रोलखालच्या घर्षणासाठी आणखी १.१ ने. उत्तर येतं सुमारे ४९० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ५० टन. शून्य १०० वर बांधलेलं असल्याने हिशोबात ३९० उरतात. ३९० भागिले ६०० म्हणजे ०.६५ मिमी. म्हणून फट २३.३५ मिमी.

पकडीच्या हिशोबाने ६ पेक्षा बराच जास्त दाब शक्य आहे. रोल पट्टीला आत ओढतात ते घर्षणावर, आणि घर्षणांक ०.३ धरला तर त्याचा वर्ग गुणिले त्रिज्या म्हणजे १८ मिमीपर्यंत पकड बसायला हवी. पण दाब ६ वरून १२ मिमी केला तर भार ४९० वरून ८४० किलोन्यूटनच्या आसपास जातो. टॉर्कची वाढ तर त्याहून मोठी: १७ किलोन्यूटन-मीटरचा ४१ होतो, कारण भार वाढतो आणि त्याचा हातही लांबतो. मोटर आणि स्पिंडल आधी हात टेकतात. शिवाय पट्टीवर ऑक्साइडची सुटी खपली असली की घर्षणांक खाली येतो आणि टोक रोलसमोर घसरत राहतं. असं दिसलं की पट्टी ढकलत बसू नये. फट थोडी उघडावी किंवा खपली आधी झाडून घ्यावी.

शेवटच्या पासचा भार बघितला की तापमानाचं वजन कळतं. १२ वरून १० म्हणजे दाब फक्त २ मिमी, कमान २० मिमी. पण तोवर पट्टी ९०० अंशांच्या आसपास आलेली असते, विरोध १६० च्या घरात गेलेला असतो, आणि पातळ पट्टीत रोलखालचं घर्षण जास्त जाणवतं, तिथे गुणक १.२४ घ्यावा लागतो. भार पुन्हा सुमारे ४९५ किलोन्यूटन! दाब एक तृतीयांश, भार तोच. म्हणून पुढच्या पासांना मिलिमीटर कमी करत न्यावे लागतात. आणखी एक गोष्ट: १० मिमी ही थंड मालाची जाडी. या तापमानाला पोलाद सुमारे १.२ टक्के फुगलेलं असतं, म्हणून गरम मालाचं लक्ष्य १०.१२ धरायचं. त्यातून ०.६६ वजा करून फट ९.४५ च्या थोडी वर येते.

पट्टीचं शेपूट थंड पडलं तर काय होतं तेही याच हिशोबातून दिसतं. पहिल्या पासला शेपूट १०० अंशांनी थंड असेल आणि विरोध ११० चा १५० झाला, तर फट तीच असूनही ते टोक सुमारे पाव मिलिमीटर जाड निघतं. सुरुवात बरोबर आणि शेवट जाड अशी मापं आली तर स्क्रूला हात लावू नका. दोष भट्टीत किंवा दोन पासांमधल्या थांबण्यात शोधा.

रुंदीकडे मी फार लक्ष देतो, कारण ती हातातून गेली की सपाट रोलवर परत आणता येत नाही. अंदाजाला साधं सूत्र पुरतं: दाब भागिले सुरुवातीची जाडी, गुणिले कमानीची लांबी, गुणिले ०.३५. पहिल्या पासला रुंदी २.४ मिमीने वाढते; पाचही पास मिळून साधारण ९.७ मिमी. म्हणजे १०० ची पट्टी शेवटी ११० च्या जवळ जाते. ११० हवी असेल तर सुरुवात १०० पासून. तोच ६ मिमीचा दाब ३-३ मिमीच्या दोन पासांत दिला तर पसरण २.४ ऐवजी १.८ मिमीच होते, कारण कमान आखूड असली की धातूला बाजूपेक्षा लांबीत वाहणं सोपं जातं. रुंदी जास्त येत असेल तर पास वाढवायचे. मात्र प्रत्येक जादा पास पट्टीला आणखी थंड करतो. ०.३५ हा आकडा आपल्या मिलवर दोन-चार पट्ट्या मोजून दुरुस्त करून घ्यावा. खूप रुंद पट्टीला, म्हणजे रुंदी कमानीच्या दहापट किंवा जास्त असेल तर, हे सूत्र वापरू नये. तिथे पसरण नगण्य असते.

कडा कशी दिसते तेही वाचावं. कड मधोमध फुगीर असेल तर दाब गाभ्यापर्यंत पोचतोय. वरची-खालची धार बाहेर आणि मध्य आत असेल तर दाब जाडीच्या मानाने हलका पडतोय, फक्त पृष्ठभाग वाहतोय. फुगीर कडेवर ताण येतो, आणि कड थंड असेल तर तिथेच आडव्या चिरा पडतात.

पट्टी बाहेर पडताना एका बाजूला वळत असेल तर दोन्ही टोकांची फट सारखी नाही. पातळ बाजू जास्त लांबते, म्हणून पट्टी जाड बाजूकडे वळते. १० मिमीच्या, ११० मिमी रुंद पट्टीत दोन कडांमध्ये ०.१ मिमीचा फरक म्हणजे लांबीत एक टक्का फरक. ३ मीटर लांबीत मधला बाक १० सेंटिमीटर येतो. जाड बाजूचा स्क्रू खाली घ्यायचा, पण थोडं थोडं बदलून प्रत्येक वेळी पुढची पट्टी मोजायची, कारण रोल पट्टीपेक्षा बराच लांब असतो आणि स्क्रूवरचा बदल पट्टीच्या दोन कडांमधल्या फरकात बराच कमी होऊन येतो.