लाल टोपीची ओळ

मंगळवार, रात्री साडेदहा

आज ड्यूटी संपल्यावर दोन तास एकाच अहवालावर बसले होते. चार पानं होती, दीड पान झालं. डोळे चुरचुरताहेत, पण डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते आहे.

परवा संध्याकाळी आमच्या वॉर्डात एका आजोबांना इन्सुलिन जास्त गेलं. द्यायचं होतं १० युनिट, गेलं २५. रात्री सव्वादहाला त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. नाइटच्या सिस्टरने लगेच शुगर बघितली, ४८ निघाली. डॉक्टरांनी २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून दिलं, रात्रभर शुगर बघत राहिले. सकाळी आजोबांनी चहा मागितला तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

ज्या मुलीने इंजेक्शन दिलं, तिनेच काल अहवाल लिहून आणला. वॉर्ड किती भरला होता, मावशी रजेवर होत्या, लिफ्ट बंद होती, पासवरून एका नातेवाइकाशी भांडण झालं, आजोबांचं तीन वर्षांपूर्वीचं हर्नियाचं ऑपरेशन, सगळं होतं. काही सुटलं तर लपवलं म्हणतील, ही तिची भीती. मी तिला बोलले नाही. मीही पहिल्यांदा असंच लिहिलं होतं.

तिला शेजारी बसवून एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न विचारले. हे असं नसतं, तर चूक टळली असती का? आणि हे कळल्यावर आपण उद्यापासून काही वेगळं करणार आहोत का? दोन्हींचं उत्तर "नाही" असं आलं की ओळीवर काट. कधी काय झालं, शुगर किती होती, काय उपचार दिले, डॉक्टरांना आणि घरच्यांना केव्हा सांगितलं, हे मात्र न विचारताच ठेवायचं.

हर्निया गेला, लिफ्ट गेली. भांडणापाशी अडलो. ती म्हणाली, "सिस्टर, माझं लक्षच उडालं होतं त्याने." मी वेळ विचारली. भांडण साडेसहाचं, इंजेक्शन सात चाळीसचं. मधे तिने सहा जणांना औषधं दिली होती, ती सगळी बरोबर होती. म्हणून काढलं. पण सिरिंज भरतानाच वॉर्डातला फोन वाजला आणि तिने तो खांद्याला धरून घेतला, हे तिने लिहिलंच नव्हतं. तिला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. ते घातलं. सकाळी आठपासून ती सलग दुसऱ्या शिफ्टला होती, तेही एका वाक्यात ठेवलं. "निष्काळजीपणामुळे" हा शब्द तिने स्वतःसाठी तीनदा लिहिला होता, तो तिन्ही ठिकाणी खोडला. काय घडलं ते लिहायचं, निवाडा लिहायचा नाही.

मग माझी चूक झाली. कापायच्या भरात मी मधला अख्खा परिच्छेद "चुकीच्या सिरिंजमुळे जास्त मात्रा गेली" एवढ्यावर आणला. फार्मसीच्या मॅडमना वाचायला दिला तर त्यांनी विचारलं, "चुकीची म्हणजे कशी? तुमच्याकडे तर नेहमीचीच सिरिंज होती ना?" खरंच होती.

म्हणून तो परिच्छेद परत लिहिला, आणि या वेळी कापला नाही. आमच्याकडे एरवी ४० ची व्हायल येते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. त्या दिवशी फार्मसीतून १०० ची व्हायल आली. तिला केशरी टोपीची सिरिंज लागते, ती वॉर्डात नव्हतीच. लाल टोपीच्या सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत भरलं की पाव मिलिलिटर होतं. ४० च्या औषधात ते १० युनिट, १०० च्या औषधात २५. रेघ बरोबर होती, हात बरोबर होता, बाटली वेगळी होती. फ्रिजमधल्या एकाच ट्रेमध्ये दोन्ही व्हायली शेजारी होत्या, हेही लिहिलं. ट्रेची ओळ तिच्या चार पानांत शेवटून दुसरी होती आणि मी ती जवळजवळ काढलीच होती.

या एका परिच्छेदाने अर्धं पान खाल्लं. खाऊ दे. मेट्रन मॅडमना वाचून लगेच कळलं की मुलीला मेमो देऊन काही होणार नाही. व्हायल आणि सिरिंज फार्मसीतून एकत्रच यायला हव्यात, आणि भरलेली सिरिंज दुसऱ्या सिस्टरने व्हायलसकट बघायला हवी.

शेवटी तिने एक ओळ लिहिली होती, "आजोबांच्या मुलीकडे बघण्याची माझी हिंमत होत नाही." ती अहवालात राहू शकत नव्हती. खोडायच्या आधी मी तिला विचारलं, तिने मान हलवली. मग आम्ही दोघी आजोबांच्या कॉटपाशी गेलो.

उद्या सकाळी पहिलं काम, फ्रिजमधला तो ट्रे.