'मोटर आहे का 1 एचपी'

फलटणच्या दुकानदारांपुढे मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाचा पहिला अर्धवट मेसेज आला की उत्तर काय द्यायचं. पंपांच्या दुकानाच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली आहेत, आणि आता दुकानांची व्हॉट्सॲप बिझनेसची खाती लावून देतो. कंपन्यांचे ट्रेनिंगवाले अशा ठिकाणी चकचकीत स्लाइड दाखवून 'आदरणीय ग्राहक, आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद' असं लिहायला शिकवतात. त्यातल्या किती जणांनी कधी मोटर विकली आहे, हा प्रश्न मी मनातच ठेवतो.

स्लाइडऐवजी मी मोटर-पाइपच्या एका तरुण दुकानदाराचा फोन मागितला आणि आदल्या रात्री आलेला मेसेज, नंबर झाकून, पडद्यावर लावला. 'मोटर आहे का 1 एचपी'. पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही. त्याने अजून उत्तर दिलं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं उत्तर कागदावर लिहावं, असं मी सांगितलं.

निम्म्या कागदांवर 'हो आहे, दुकानावर या' होतं. बरेच जण 'कोणती कंपनी?' विचारत होते. एकाने सहा प्रश्न लिहिले होते: बोअर किती फूट, पाणी किती फुटांवर, सिंगल फेज की थ्री फेज, पाइप किती इंची, मजले किती, टाकी किती लिटरची. प्रश्न सगळे बरोबर. काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाला मीही हेच विचारले असते. पण मेसेज पाठवणारा बहुतेक वेळा मोटरवाला नसतोच. वडिलांनी सांगितलं म्हणून मुलगा टाइप करतो, नाहीतर प्लंबरने तोंडी सांगितलेलं मालकीणबाई पुढे पाठवतात. 'हेड किती', म्हणजे पाणी किती उंच चढवायचं, असं विचारलं की तो माणूस फोन खाली ठेवतो आणि चॅट तिथेच मरते. आपण मात्र म्हणतो, गिऱ्हाईक सिरीयस नव्हतं.

एक एचपी म्हटल्याने काहीच ठरत नाही, हे पंपवाल्यांना सांगायला नको. पण हॉलमध्ये कापडवाले, फर्निचरवाले, मेडिकलवाले होते, म्हणून जरा खोलात गेलो. जमिनीवर ठेवायचा मोनोब्लॉक पंप खालचं पाणी व्यवहारात पंचवीसेक फुटांपर्यंतच ओढतो. पाणी त्याहून खाली असेल तर एचपी कितीही वाढवा, ते वर येत नाही. तिथे बहुतेक वेळा पाण्यात बुडणारी मोटर लागते. म्हणजे त्याच एका एचपीत दोन निराळ्या वस्तू येतात आणि किमतीतही चांगलाच फरक असतो. चुकीच्या मोटरचा भाव सांगितला तर गिऱ्हाईक एक तर दचकून पळतं, नाहीतर नको ती मोटर घेऊन जातं आणि चार दिवसांनी परत आणतं.

मग मी माझं उत्तर लिहिलं: 'आहे. पाणी कुठून चढवायचं आहे: बोअर, विहीर की खालची टाकी? जुनी मोटर असेल तर तिच्यावरच्या पाटीचा फोटो टाका. बोअर असेल तर भिंतीवरच्या स्टार्टरच्या डब्याचा.' बोअरची मोटर खाली पाण्यात असते, तिची पाटी कुणाला दिसणार? डब्यावर मात्र बऱ्याचदा एचपी लिहिलेला असतो, आणि आतल्या कपॅसिटरवरूनही अंदाज येतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरातलं कुणीही देऊ शकतं. फोटोला तर काहीच कळावं लागत नाही, आणि मुलाला तोच मेसेज जसाच्या तसा वडिलांना फॉरवर्ड करता येतो. पहिल्या उत्तराची मी एवढी एकच परीक्षा घेतो: मेसेज पाठवणाऱ्याला आपल्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसलं, तरी तो ते कुणाकडून तरी आणू शकेल का?

त्या तरुणाने तिथल्या तिथे हे उत्तर पाठवून दिलं. तोवर फर्निचरवाले आपलं गाऱ्हाणं मांडत होते. लोक सगळे एकच इंग्रजी वाक्य पाठवतात, म्हणाले, 'Hello! Can I get more info on this?', यांना साधं बोलता येत नाही का? मला हसू आवरलं नाही. ते वाक्य लोक लिहीतच नाहीत. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातीवरून चॅट उघडलं की ते आधीच भरून येतं आणि माणूस फक्त पाठवतो. जाहिरात लावताना ते बदलता येतं, पण यांची जाहिरात लावून देणाऱ्या पोराने ते पाहिलंही नव्हतं. आपल्याच जाहिरातीचं वाक्य वाचून हे सद्गृहस्थ वर्षभर गिऱ्हाइकांवर चिडत होते. दुकानाच्या बोर्डावर किंवा बिलावर लिंक देतानाही असंच काम करून घेता येतं:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=मला%20मोटर%20हवी%20आहे.%20पाणी%20कुठून:%20
```

आपोआप जाणाऱ्या स्वागताच्या मेसेजचंही तसंच. लोक त्यात दुकानाचा इतिहास आणि वेळापत्रक घालतात. त्यापेक्षा 'बोअर, विहीर की टाकी' हा प्रश्नच घाला. मात्र तो मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, नाहीतर 14 दिवस चॅट थंड पडलं असेल तरच जातो. मागच्या आठवड्यात बोललेल्या गिऱ्हाइकाला तो जात नाही, त्याला आपणच लिहायचं. म्हणून हेच वाक्य झटपट उत्तरात, तिरकी रेघ आणि एक शब्द, असं साठवून ठेवायला सांगितलं.

एवढ्यात त्या तरुणाचा फोन वाजला. गंजलेल्या पाटीचा फोटो आला होता: 0.5 एचपी, सिंगल फेज, पाइपाचं माप 25×25. सोबत व्हॉइस नोट होती: खालच्या टाकीतून दुसऱ्या मजल्यावर चढवतो, मोटर जळाली, प्लंबर म्हणाला आता एकची घ्या. पाणी इतकी वर्षं वर पोचत होतं, म्हणजे मोटर लहान पडत नव्हती. टाकीत पाणी नसताना चालत राहिली असेल, अशी शंका आधी घ्यायला हवी. त्याला अर्ध्या एचपीचीच मोटर पुरे होती. मी तसं म्हणताच मागच्या रांगेतले एक जुने शेठ उठले, "वा! एकचं गिऱ्हाईक अर्ध्यावर आणलंत!" हॉल हसला.

शेठ मात्र हसत नव्हते. "आता हा पोरगा भाव लिहील, त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या दुकानात जाईल आणि तो दोनशे कमी करेल. म्हणून मी 'दुकानावर या'च लिहितो." त्यांचं दुकान माझ्या वयाहून जुनं आहे. मी म्हटलं, गिऱ्हाईक न येण्यापेक्षा घासाघीस करायला आलेलं बरं. टाळ्या पडल्या, पण ते उत्तर मला स्वतःलाच पुरेसं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात तरुणाला फोन केला. गिऱ्हाईक आलं होतं, अर्ध्या एचपीची मोटर घेऊनही गेलं. पण आधी दुसऱ्या दुकानाचा भाव दाखवला, आणि याला तेवढी सूट द्यावी लागली. शेठ खोटं बोलत नव्हते.

तेव्हापासून किंमत कुठल्या टप्प्यावर लिहायची, यावर माझं डोकं चालू आहे. सध्या सांगतो की फोटो येईपर्यंत 'अमुकपासून पुढे' एवढंच लिहा. नंतर मोटर, फूटव्हॉल्व्ह, जोडणीचं सामान आणि बसवून देण्याची मजुरी असा एकच आकडा द्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुसत्या मोटरच्या भावाशी त्याची तुलना होणार नाही. शेठना हे फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "पुढचा दुकानदारही तुमच्याच भाषणाला बसला होता."