आपल्या घरी म्हणजे कुणाच्या?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सातला काकूंचा फोन आला. त्या डोंबिवलीत घरीच फराळ करून विकतात आणि त्यांचं पेज सांभाळायचं काम माझ्याकडे येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. "अगं, ती बाई भांडतेय माझ्याशी! तीन किलो चकली आणि दोन किलो शंकरपाळे घेऊन मी दुपारपासून तिची वाट बघतेय, आणि ती म्हणते मीच तुमची वाट बघतेय."

पेज उघडलं. तिथे लिहिलं होतं : 'ऑर्डर दिलेल्या दिवशी फराळ आपल्या घरी मिळेल.'

काकूंच्या तोंडात 'आपल्याकडे सगळं मिळतं' हे दुकानदारी 'आपल्या' बसलेलं. त्या बाईंनी ते आदराचं 'आपल्या' समजून वाचलं, म्हणजे घरपोच. चूक कुणाचीच म्हणता येणार नाही. शेवटी काकूंचा भाचा स्कूटरवरून डबे पोचवून आला आणि रिक्षाच्या भाड्याइतकी सूट द्यावी लागली ती वेगळीच.

मी रात्री सगळं पेज वाचून काढलं. एकाच पेजवर तीन माणसं बोलत होती. 'मी साजूक तुपातले लाडू करते' या काकू. 'घरगुती मसाले बनवतो' हा भाचा. पेज त्यानेच काढलं होतं. आणि 'आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल' हे कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं उचललेलं वाक्य, वॉट्सअॅपच्या आपोआप जाणाऱ्या उत्तरात बसवलेलं. टीम म्हणजे काकू, आणि दिवाळीत मदतीला येणाऱ्या दोघी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात बसलो. काकूंना 'आम्ही' हवं होतं. "'मी' म्हटलं की लोक भाव करतात गं. एकटी बाई आहे म्हणतात." हे खोटं नाही, मीही पाहिलंय. पण पैसे द्यायला गिऱ्हाईक यूपीआयवर जातं तेव्हा स्क्रीनवर काकूंचं स्वतःचं नाव येतं. अन्नविभागाची नोंदणीही त्यांच्या एकटीच्या नावावर. फोन त्याच उचलतात. 'आम्ही' वाचून आलेला माणूस तिथे येऊन थबकतो, एकाने तर विचारलंच होतं, "हे पैसे नक्की कुणाला जातायत?" शिवाय लोक येतात ते काकूंच्या भाजणीसाठी. मी म्हटलं, 'मी' ठेवू.

तेवढ्यात करंज्या भरणाऱ्या दोघींपैकी एक मान वर न करता म्हणाली, "मग आम्ही काय करतो इथं?"

तिचं बरोबर होतं. त्यावरून आम्ही एक नियम केला : पेज बोलेल ते 'मी' म्हणून, काकूंच्या तोंडून. 'आम्ही' फक्त तिथेच, जिथे त्याच वाक्यात माणसं मोजून सांगता येतील. 'भाजणी मी स्वतः भाजते. करंज्या आम्ही तिघी मिळून भरतो.' गिऱ्हाईक कायम 'तुम्ही'. आणि 'आपण', 'आपला', 'आपल्या' हे शब्द पेजवरून हद्दपार, मग ते कितीही आदराचे वाटोत.

बदल करायला बसल्यावर खरी गंमत. 'आम' शोधलं की आम्ही, आमचा, आम्हाला सगळे एकदम हाती लागतात. 'मी' शोधलं तर मीठ, कमी आणि नेहमी सापडले. पण सगळ्यात जास्त त्रास दिला तो कर्ता नसलेल्या वाक्यांनी. 'पाच किलोच्या वर घरपोच देतो.' यात शोधण्यासारखं सर्वनामच नाही. मराठीत त्याची गरज पडत नाही. 'देतो' म्हणजे भाचा की 'आम्ही', ते वाक्यावरून कळत नाही, कारण बायका 'आम्ही' म्हणाल्या तरी क्रियापद 'देतो'च होतं. म्हणून काकूंना सगळं मोठ्याने वाचायला लावलं. जीभ जिथे अडखळली तिथे खूण केली. अकरा खुणा झाल्या, त्यातल्या सात नुसत्या क्रियापदांच्या. 'केली', 'भरली' अशा भूतकाळी वाक्यांना हात लावावा लागला नाही. तिथे क्रियापद चकलीप्रमाणे चालतं, करणाऱ्याप्रमाणे नाही.

पेज झालं, तरी डब्यावरचं लेबल, वॉट्सअॅपवरची तयार उत्तरं आणि बिलावरची ओळ राहिलीच होती. टीमवाला मेसेज काढून 'मी तळणात आहे, रात्री नऊनंतर उत्तर देते' असं घातलं. बिलावर मात्र 'मी' विचित्र दिसलं असतं, म्हणून तिथे नुसतं 'दोन दिवस आधी कळवावे' ठेवलं. तिथे कुणीच बोलत नाही, तेच बरं.

भाच्याला 'करते' लिहायची लाज वाटते, म्हणून तो आता मजकूर आधी काकूंना वाचून दाखवतो.

जानेवारीत काकूंनी संक्रांतीचा मजकूर तपासायला पाठवला : 'तिळगुळाच्या ऑर्डर घेते. घरी येऊन न्याव्यात.'

मी लिहिलं, "कुणाच्या घरी?"

"माझ्या गं," उत्तर आलं, "आणखी कुणाच्या?" आणि दोन मिनिटांनी 'माझ्या' घालून मजकूर परत आला.